बाजू न कळवलेलं भाषण

"पुतणीचा निरोप आला: 'काका, मतदान सक्तीचे असावे या विषयावर वादविवादाचं भाषण लिहून द्याल का? परवा हवंय.' बाजूने बोलायचंय की विरोधात, किती मिनिटं, परीक्षक कोण, कशाचाच पत्ता नाही. विचारलं तर म्हणे, 'तुम्ही लिहा हो, तुमचं छानच असतं.' आता फोन बंद. मी असं ठरवलंय की दोन्ही बाजू तोलून एक मध्यममार्गी भाषण लिहावं. दहा मिनिटांचं लिहितो, म्हणजे तिला कमी करता येईल. आणि परीक्षक जाणकार असतील या हिशेबाने भाषा जरा भारदस्त ठेवतो. चालेल ना?"
— एक काका

नमस्कार काका,

नाही चालणार. तिन्हीपैकी एकही नाही. पण प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारणाने चालणार नाही आणि ती कारणं कळली की परवापर्यंत काय लिहायचं हेही सापडेल.

तुम्ही तिन्ही रिकाम्या जागांना एकाच मापाने घाबरलात. त्यांचं वजन सारखं नाही. परीक्षकांचा अंदाज चुकला तर चार-दोन वाक्यं खटकतात. वेळेचा अंदाज चुकला तर कात्री लावावी लागते किंवा एखादा मुद्दा वाढवावा लागतो. बाजू चुकली तर मात्र भाषण रद्दीत जातं. म्हणून आधी बाजूचं बघू. मेहनतही बरीचशी तिथेच जाऊ द्या.

पुतणी बाजू सांगायला विसरली, असं तुम्ही धरून चालला आहात. कदाचित विसरली असेलही. पण तिच्या निरोपातून आणखी काही कळतं, तेही वाचा. विषय तिला आधीच मिळाला आहे आणि ती लिहिलेलं भाषण मागते आहे. म्हणजे ही संसदीय पद्धतीची आयत्या वेळची स्पर्धा नसावी. ब्रिटिश संसदीय पद्धतीत विषय साधारण १५ मिनिटं आधी जाहीर होतो. तिथे काकांकडून भाषण मागवायला वेळच नसतो. ही आपली तयारीची वादविवाद स्पर्धा दिसते. अशा स्पर्धांत बऱ्याचदा दोघांची जोडी असते, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. कुठे जोडी आपसात ठरवते कोण कशावर बोलणार, तर कुठे स्पर्धेच्या दिवशी चिठ्ठी उचलतात. तेव्हा शक्यता तीन आहेत. ती विसरली, किंवा जोडीत अजून ठरलेलं नाही, किंवा चिठ्ठी निघायची आहे. शेवटच्या दोन्हींत तुमच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तरच नव्हतं. मग 'तुम्ही लिहा हो' हे उत्तर टाळाटाळ वाटलं तरी तिच्यापुरतं खरं होतं.

म्हणून पुन्हा विचारताना प्रश्नावली पाठवू नका. बाजू कोणती, वेळ किती, परीक्षक कोण, उलट प्रश्न विचारतात का, असे चार प्रश्न एकदम गेले की त्या वयाची मुलं 'नंतर सांगते' म्हणतात आणि ते नंतर कधी येत नाही. एवढाच निरोप टाका: "नियमांच्या कागदाचा फोटो पाठव. कागद नसेल तर एकाच शब्दात सांग: बाजूने, विरोधात, की चिठ्ठी?" वेळ, घंटा, गुणांची विभागणी बहुतेक वेळा त्या कागदावरच असते आणि फोटो काढायला मुलांना आळस येत नाही. तिचा फोन उघडेपर्यंत हात बांधून बसायचीही गरज नाही. वाया न जाणारं काम बरंच आहे, ते सांगतेच.

त्याआधी मध्यममार्गाचा निकाल लावू. लेखात 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' असं लिहिलं की लेखक समंजस वाटतो. वादविवादात तेच वाक्य प्रतिपक्षाच्या हातात कोलीत देतं. पुतणी अनुकूल बोलत असेल आणि तिच्या तोंडी 'सक्तीने स्वातंत्र्याला काहीशी बाधा येते हे मान्य करावे लागेल' असं आलं, तर पुढचा वक्ता उभा राहून पहिलंच वाक्य टाकेल, "माझ्या मैत्रिणीने आमचं म्हणणं मान्यच केलं आहे." तिथून तिची बाजू सावरत नाही. परीक्षकही तिने विषयाचा समतोल विचार केला का हे बघत नसतात. दिलेली बाजू तिने किती सिद्ध केली आणि समोरच्याचे मुद्दे किती खोडले, हे बघतात. तोललेलं भाषण दोन्हीत मार खातं. अनुकूल वक्त्याला ते अर्धं नको असतं आणि प्रतिकूल वक्त्याला दुसरं अर्धं.

दोन्ही बाजू मनात ठेवून लिहायचंच असेल, तर त्या एकाच भाषणात मिसळू नका. दोघांची टक्कर कुठे होते ती ठिकाणं शोधा. कुठल्याही विषयात अशी ठिकाणं तीन-चारच निघतात. ती सापडली की प्रत्येक ठिकाणी अनुकूल वक्ता काय म्हणेल आणि प्रतिकूल काय म्हणेल, ते समोरासमोर लिहायचं. यात काहीच फुकट जात नाही. पुतणी अनुकूल निघाली तर डावीकडचं तिचं भाषण होतं आणि उजवीकडच्यातून तिचं खंडन तयार होतं. प्रतिकूल निघाली तर याच्या उलट. चिठ्ठी निघायची असेल तर दोन्ही तिच्या हातात असतात. आणि जोडी असेल तर उरलेली बाजू तिच्या जोडीदाराला द्या.

तुमच्याच विषयावर करून दाखवते. पहिली टक्कर होते ती 'सक्तीचे' म्हणजे नेमकं काय, यावर. व्याख्येचं ओझं अनुकूल वक्त्यावर असतं, म्हणून लिहायला सुरुवात अनुकूल बाजूनेच करा. व्याख्या ठरल्याशिवाय प्रतिकूल वक्ता कशावर वार करणार? अनुकूल उतारा काहीसा असा होईल:

"अध्यक्ष महोदय, सक्ती म्हटलं की डोळ्यांपुढे पोलीस उभा राहतो. मी ज्या सक्तीबद्दल बोलते आहे, तिच्यात पोलीस नाही. मतदाराने मतदान केंद्रावर यायचं, एवढीच ही सक्ती आहे. आत गेल्यावर कुणाला मत द्यायचं, की पत्रिका कोरीच टाकायची, हे त्याचं तो ठरवेल. मतदान गुप्त आहे, त्यामुळे त्याला कुणी विचारूही शकत नाही. आजारी असेल, प्रवासात असेल, तर कारण कळवायचं. कारण न देता गैरहजर राहिला, तर किरकोळ दंड. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय निवडणुकीसाठी असा दंड २० डॉलरचा आहे आणि योग्य कारण दिलं तर तोही लागत नाही."

आता त्याच जागी प्रतिकूल वक्ता:

"माझ्या मैत्रिणीने मागितलेली सक्ती मतदानाची नाहीच, ती हजेरीची आहे. कोरी पत्रिका चालते असं त्या स्वतःच म्हणाल्या. मग विषय म्हणतो त्या मतदानाचं काय झालं? ज्याला कुणालाच मत द्यायचं नाही, त्याला रांगेत उभं करून कोरा कागद पेटीत टाकायला लावायचा आणि न आल्यास दंड घ्यायचा. ही सक्ती खरोखर मतापर्यंत पोहोचत असेल तर ती स्वातंत्र्यावर घाला आहे. पोहोचत नसेल तर ती निरर्थक आहे. दोन्हींपैकी काय ते त्यांनी सांगावं."

हे दोन उतारे शेजारी ठेवून बघा. तुमच्या मध्यममार्गी भाषणात हेच विचार आले असते, पण एकमेकांची धार बोथट करत. इथे एकाने दुसऱ्याला धार लावली आहे. अनुकूल वक्तीला आता कळतं की 'कोरी पत्रिका चालेल' म्हणताना तिने जोखीम घेतली आहे आणि त्या प्रश्नाचं उत्तर खिशात ठेवायला हवं. उत्तर आहेही: कोरी पत्रिका टाकणारा नाराजी नोंदवतो. घरी बसलेला नाराज होता, आळशी होता की त्याला कुणी येऊच दिलं नाही, हे मात्र कुणालाच कळत नाही.

दुसरी टक्कर आकड्यांवर होते आणि लिहून दिलेली भाषणं सगळ्यात जास्त घसरतात ती इथेच. ऑस्ट्रेलियात १९२२ च्या निवडणुकीत नोंदणी झालेल्या मतदारांपैकी साठ टक्क्यांहूनही कमी लोकांनी मत दिलं. १९२४ मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ च्या निवडणुकीत हे प्रमाण नव्वदच्या वर गेलं. आकडा दणदणीत आहे. लिहिणारा तो लिहितो, समोर उद्गारचिन्ह ठोकतो आणि पुढच्या मुद्द्यावर जातो. पण या आकड्याने एवढंच सिद्ध झालं की सक्ती केली की लोक येतात. ते तर प्रतिपक्षही नाकारत नाही. आल्याने काय बदलतं, ही पायरी राहूनच गेली. आकडा लिहिला की स्वतःला 'मग?' असं विचारा. मी तर कागदाच्या कडेला तो शब्द लिहूनच ठेवते.

अनुकूल वक्त्याचं 'मग' असं आहे: मत देणारच नाहीत अशा लोकांकडे पक्षांना दुर्लक्ष करता येतं. सगळेच येणार म्हटल्यावर ज्यांचं दार कधी ठोठावलं नाही त्यांच्याकडेही जावं लागतं आणि जाहीरनाम्यात त्यांचंही काही लिहावं लागतं. प्रतिकूल वक्त्याचं 'मग' वेगळं आहे: ज्याला रस नाही तो आल्यावर काय करतो ते बघा. ऑस्ट्रेलियात उमेदवारांना पसंतीक्रमाचे आकडे द्यायचे असतात आणि काही मतदार पत्रिकेवर नावं दिसतात त्याच क्रमाने वरून खाली एक, दोन, तीन टाकत जातात. तिथे त्याला 'डाँकी व्होट' म्हणतात. सगळ्यात वरच्या नावाला असा आयता फायदा होऊ शकतो, म्हणून नावांचा क्रम आता चिठ्ठ्या टाकून ठरवतात. हजेरी वाढली, निवड वाढली का?

दुसरं उदाहरण हवं असेल तर नेदरलँड्सचं घ्या. दोन्ही बाजूंना चालणारं इतकं सोयीचं उदाहरण सहसा मिळत नाही. तिथे १९१७ पासून सक्ती होती, ती १९७० मध्ये काढून टाकली. १९६७ च्या शेवटच्या सक्तीच्या निवडणुकीत सुमारे ९५ टक्के मतदान झालं होतं, ते १९७१ मध्ये ऐंशीच्या खाली आलं. अनुकूल वक्ता म्हणेल, कायदा हटताच सहा-सात माणसांतला एक घरी बसला. प्रतिकूल वक्ता म्हणेल, पन्नास वर्षांहून जास्त काळ सक्ती करूनही सवय लागली नाही, दंडाची भीती गेली तशी माणसंही गेली, आणि म्हणून तिथली लोकशाही काही कोसळली नाही. उदाहरण एकच, नीट सांगितलेलं. देशांची यादी वाचू नका. यादी ऐकताना परीक्षक पेन खाली ठेवतात.

तिसरी टक्कर दंडावर. इथे प्रतिकूल वक्त्याकडे चांगली कोंडी आहे: दंड किरकोळ ठेवला तर त्याला कोण भीक घालतो आणि भारी ठेवला तर हातावर पोट असणाऱ्यालाच तो लागतो. अनुकूल वक्त्याने या कोंडीत शिरून दंडाची रक्कम ठरवत बसू नये, त्या चिखलातून कुणी बाहेर येत नाही. तिने सांगावं की सक्ती दोन्हीकडून असते. नागरिकावर यायची सक्ती केली की सरकारवरही सोय करायची सक्ती येते. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय निवडणुका शनिवारी होतात, टपालाने मत देता येतं, मतदानाच्या दिवसाच्या आधीही देता येतं. केंद्र लांब ठेवून, कामाच्या दिवशी मतदान घेऊन वर दंड मागणं कुठल्याच सरकारला शोभणार नाही. सक्तीच्या बाजूचा मला हा सगळ्यात दमदार मुद्दा वाटतो आणि मुलांच्या भाषणांत तोच बहुतेक वेळा नसतो. 'मतदान हे पवित्र कर्तव्य' यातच दोन मिनिटं जातात.

ही झाली बाजूची गोष्ट. आता वेळ.

दहा मिनिटांचं लिहून नंतर कमी करणं सोपं, असं तुम्हाला वाटतं. लिहिणाऱ्याला ते सोपं असतं, कारण कुठली वीट कशावर उभी आहे हे त्याला माहीत असतं. पुतणी शेवटच्या रात्री कात्री लावेल तेव्हा ती शेवटची पानं काढून टाकेल, कारण सुरुवातीची तिला पाठ झालेली असतील. बहुतेक भाषणांत जोर शेवटीच असतो. मग प्रस्तावना शाबूत आणि मुद्दा गायब. किंवा ती काहीच कमी करणार नाही, भरभर बोलेल, आणि शेवटची घंटा दुसऱ्या मुद्द्यावरच वाजेल.

मराठीत मंचावर शांतपणे, श्वास घेत बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द जातात. भरभर बोलणारी १३० ला पोहोचते, पण मागच्या रांगेला ते कळत नाही. तिचा वेग माहीत नसेल तर १०० धरा. दहा मिनिटांचं म्हणजे हजार शब्द झाले. तयारीच्या स्पर्धांत वक्त्याला बहुधा तीन ते पाच मिनिटं मिळतात आणि वेळ संपण्याच्या मिनिटभर आधी इशाऱ्याची घंटा असते. म्हणजे तुमचं निम्मं किंवा त्याहून जास्त लिखाण कुणी ऐकणारच नाही.

म्हणून लांब भाषण लिहू नका, तुकड्यांचं लिहा. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदावर आणि कोपऱ्यात त्याला लागणारे सेकंद. सेकंद डोळ्यांनी वाचून मोजू नका, उभं राहून मोठ्याने म्हणून मोजा. मनात वाचताना वेग नेहमी जास्त असतो. वर दिलेला अनुकूल व्याख्येचा उतारा असा म्हणून बघा, पाऊण मिनिटाच्या आसपास येईल. तोच पहिला कागद. त्याला वेगळी प्रस्तावना लागत नाही, पोलीस उभा राहिला की सुरुवात झाली. दुसरा कागद आकड्यांचा: ऑस्ट्रेलिया आणि त्याचं 'मग', एक मिनिट. तिसरा सोयीच्या सक्तीचा, एक मिनिट. एवढ्याने तीन मिनिटांचं भाषण जवळजवळ भरतं आणि उरलेल्या पंधरा सेकंदांत समारोपाचं एक वाक्य बसतं. चार मिनिटं मिळाली तर खंडनाचा कागद जोडायचा. पाच मिळाली तर नेदरलँड्स. सात-आठ मिनिटं मिळाली तरी चौथी टक्कर शोधत बसू नका. आहेत त्याच मुद्द्यांवर प्रतिपक्ष काय म्हणेल आणि त्यावर आपण काय म्हणू, हे दुसऱ्या फेरीत घ्यायचं. वेळ वाढला की भाषण खोल जायला हवं, रुंद नव्हे.

कापायची वेळ आली तर कुठे कापायचं, तेही तुम्हीच आखून द्या. प्रत्येक कागदावर उदाहरणाखाली पेन्सिलीने रेघ मारा: ही वाक्यं गेली तरी मुद्दा उभा राहतो. पहिल्या उताऱ्यात २० डॉलरचं वाक्य काढलं तर काही बिघडत नाही. कोरी पत्रिका काढली तर सगळंच बिघडतं. तिला हे कळावं म्हणून रेघ. आणि समारोपाचं वाक्य तिला कुठल्याही क्षणी म्हणता यायला हवं. घंटा झाली की मध्येच थांबून ते वाक्य म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढा सराव तरी करून घ्या.

राहिले परीक्षक. जाणकार असतील म्हणून भारदस्त भाषा, हा तुमचा हिशेब उलटा आहे. जे स्वतः वादविवाद करून आलेले असतात ते भाषेच्या नक्षीला सगळ्यात कमी भुलतात. ते कागदावर दोन उभे रकाने आखून बसतात, एकीकडे अनुकूल मुद्दे, दुसरीकडे प्रतिकूल, आणि कशाला उत्तर मिळालं, कशाला नाही याची खूण करत जातात. 'लोकशाहीचा जगन्नाथाचा रथ' त्या रकान्यात लिहिता येत नाही, म्हणून ते लिहीतही नाहीत. विषयाचा अभ्यासक परीक्षक असेल तर तो चूक पकडतो. 'सक्तीच्या देशांत सगळेच मतदान करतात' असं वाक्य गेलं की तो वर बघतो, कारण ऑस्ट्रेलियातही काही जण येत नाहीत आणि आलेल्यांची साधारण पाच टक्के मतं अवैध ठरतात. आणि परीक्षक एखादे पाहुणे असतील, ज्यांचा विषयाशी रोजचा संबंध नाही, तर त्यांना धागा सापडायला हवा: आता दुसरा मुद्दा, तो असा, त्याला पुरावा हा.

या तिघांसाठी तीन भाषणं लागत नाहीत. वाक्य अचूक आणि साधं असेल तर तिघांनाही चालतं. 'अनिवार्य मतदान प्रणालीच्या अंगीकाराने सहभागात लक्षणीय वृद्धी दृग्गोचर होते' हे पाहुण्यांना कळत नाही आणि अभ्यासकाला कुठे, कधी, किती हे सापडत नाही. 'ऑस्ट्रेलियात १९२४ मध्ये कायदा झाला आणि पुढच्याच निवडणुकीत मतदान साठच्या खालून नव्वदच्या वर गेलं' हे दोघांनाही पुरतं. पारिभाषिक शब्द आलाच तर त्याच श्वासात त्याचा अर्थ सांगायचा, जसा डाँकी व्होटचा वर सांगितला. जाणकाराला ते चार शब्द जास्त वाटतील, पण त्याचे गुण कुणी कापत नाही. परीक्षक कोण हे कळल्यावर बदलायचं ते एवढंच: पाहुणे असतील तर उदाहरण सावकाश सांगा आणि खंडन एकाच मुद्द्याचं ठेवा. कसलेले असतील तर उदाहरण आटपतं घ्या आणि खंडनाला पूर्ण मिनिट द्या.

भारदस्त भाषेत आणखी एक अडचण आहे. भाषणानंतर परीक्षक प्रश्न विचारतात, निदान प्रतिपक्ष तरी विचारतो. तिथे पुतणी स्वतःच्या भाषेत बोलणार. भाषणातली आणि उत्तरातली भाषा दोन वेगळ्या माणसांची वाटली की लिहिणारा दुसराच कुणी आहे हे सगळ्या सभागृहाला कळतं. त्यामुळे कागद पाठवून मोकळे होऊ नका. फोन लागला की दहा मिनिटं तिच्यावर प्रतिपक्षाचे प्रश्न टाका: "कोरी पत्रिकाच टाकायची तर यायचं कशाला?" ती तुमच्या वाक्यात उत्तर देत असेल तर पाठांतर झालंय. तिच्या वाक्यात देत असेल तर मुद्दा कळलाय. मग तेच वाक्य कागदावर तुमच्या वाक्याच्या जागी लिहा, ते कितीही साधं असलं तरी.

आता परवाचं. आज रात्री तिन्ही टकरी दोन्ही बाजूंनी लिहून काढा, एकेक उतारा शंभर शब्दांच्या आत. उद्या दुपारपर्यंत उत्तर आलं नाही तर अनुकूल बाजूचे कागद आधी आणि प्रतिकूल बाजूचे मागे अशा क्रमाने पाठवा आणि सगळ्यांच्या वर, तिची नजर पहिली पडेल तिथे, हे लिहा: "हे अनुकूल बाजूचं आहे, तीन मिनिटांचं, कुणालाही कळेल असं. बाजू उलटी असेल तर मागचे कागद घे आणि हे खंडनाला वापर. वेळ जास्त असेल तर चौथा कागद जोड. यातलं काही चुकत असेल तर लगेच कळव." अंदाज असा उघड लिहिला की चूक तिला वाचताक्षणी दिसते. तो भाषणात मुरलेला राहिला तर ती मंचावर दिसते.

आणि तिचा निरोप आला, 'विरोधात, चार मिनिटं, घंटा तिसऱ्याला', तर प्रतिकूल कागद वर घ्या. सुरुवात 'ही सक्ती मतदानाची नाही, हजेरीची आहे' इथूनच करा. मात्र तिला एक गोष्ट बजावून सांगा. आधीच्या अनुकूल वक्त्याने कोरी पत्रिका चालेल असं म्हटलंच नसेल, उलट मत द्यायलाच लावा असं म्हटलं असेल, तर तो उतारा तसाच म्हणायचा नाही. तेव्हा 'गुप्त मतदानात कुणी काय केलं हे तपासणार कसं' इथून शिरायचं. ती पर्यायी सुरुवात दोन ओळींत त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.